2A म्हणजे A2 नव्हे, आणि S6 म्हणजे सहावा डबा नव्हे

आरक्षित तिकिटावर दोन खुणा असतात आणि त्या दिसायला सख्ख्या बहिणींसारख्या. एक वर्गाची, दुसरी डब्याची. वर्गाच्या खुणेत आकडा आधी येतो: 1A, 2A, 3A, 3E, 2S. डब्याच्या खुणेत अक्षर आधी आणि आकडा नंतर: A2, B3, S6. आकडा पुढे की मागे एवढं पाहिलं, तरी निम्मा घोळ मिटतो.

2A हा वर्ग आहे, म्हणजे वातानुकूलित टू टायर. या वर्गाच्या डब्यांचं अक्षर A. गाडीत असे दोन डबे असतील तर एक A1 आणि दुसरा A2. म्हणून 2A वर्गाचं तिकीट A1 डब्यातलंही असू शकतं. खरी फसगत 3A ची होते. तिकिटावर 3A दिसतं, माणूस A अक्षराचा डबा गाठतो, आणि त्याच्या बर्थवर कुणीतरी आधीच बसलेलं असतं. थ्री टायर एसीचं अक्षर A नाही, B आहे. 1A चा डबा H.

तसंच 2S आणि S2. 2S म्हणजे बसून जाण्याचा साधा आरक्षित वर्ग आणि त्याच्या डब्याला अक्षर D. S2 हा मात्र स्लीपरचा दुसरा डबा, त्याचा वर्ग तिकिटावर SL असा येतो. एसी चेअर कार म्हणजे CC वर्ग, डबा C. डेक्कन क्वीनने नेहमी जाणाऱ्यांना C आणि D तोंडपाठ असतात. पण रात्रीच्या गाडीच्या सवयीचा माणूस D4 वाचून गोंधळतो, आणि ते साहजिक आहे.

2021 पासून 3E हा वर्ग आला, थ्री टायर इकॉनॉमी. नव्या एलएचबी धाटणीच्या नेहमीच्या थ्री टायर डब्यात 72 बर्थ असतात, तर या वर्गाच्या पहिल्या डब्यांत 83 बसवले होते. याचं अक्षर M. गाडीत B आणि M दोन्ही असतात, दोन्हीत तीन-तीन मजले असतात, त्यामुळे बाहेरून फरक कळत नाही. B2 मधला 41 आणि M2 मधला 41 हे वेगळे बर्थ आहेत, तेव्हा अक्षर वाचल्याशिवाय आत सामान टाकू नका. दोन अक्षरं जोडून आली, तर डबा अर्धा-अर्धा वाटलेला असतो: HA1 मध्ये 1A आणि 2A, AB1 मध्ये 2A आणि 3A. म्हणजे 3A च्या तिकिटावर AB1 दिसलं, तर छपाईत काही चुकलेलं नाही.

डब्याच्या दारापाशी लावलेली पाटी गळून पडली असेल किंवा अंधारात दिसत नसेल, तर डब्याच्या अंगावर रंगवलेली अक्षरं कामी येतात. एलएचबी डब्यावर LWACCN असेल तर तो थ्री टायर एसी, LWACCW असेल तर टू टायर, LWSCN असेल तर स्लीपर. शेवटचा N तीन मजल्यांचा, W दोन मजल्यांचा. यावरून वर्ग कळतो, B2 की B3 ते मात्र कळत नाही. शेजारचा पाच-सहा आकडी क्रमांक हा त्या डब्याचा कायमचा नंबर, आपल्या तिकिटाशी त्याचा संबंध नाही.

आता दुसरा गोंधळ, जो पळापळ करायला लावतो. S6 मधला 6 हा स्लीपरच्या डब्यांतला क्रम आहे. इंजिनापासूनची जागा तो सांगत नाही.

लांबच्या गाडीची रचना एकच एक नसते, पण ठेवण ओळखीची असते. दोन्ही टोकांना जनरेटर किंवा सामानाचा डबा. त्याला लागून जनरलचे डबे, बहुतेक वेळा थोडे पुढे आणि थोडे मागे, म्हणजे बिनआरक्षित गर्दी फलाटाच्या एकाच टोकाला कोंबली जात नाही. एसीचे डबे एका गटात, स्लीपरचे दुसऱ्या गटात, आणि पँट्री असेल तर बहुधा या दोन गटांच्या मधे, कारण जेवण दोन्हीकडे पोचवायचं असतं.

मुंबईहून मडगावला निघालेली 22 डब्यांची गाडी समजा. इंजिनामागे जनरेटरचा डबा, मग दोन जनरल, H1, A1, A2, B1 ते B5, पँट्री, S1 ते S7, परत दोन जनरल आणि शेवटी सामानाचा डबा. मोजून पाहा: S6 इंजिनापासून अठरावा येतो. परतीच्या प्रवासात डब्यांची ही माळ सहसा कुणी फिरवत नाही, फक्त इंजिन दुसऱ्या टोकाला लागतं. आता तोच S6 इंजिनापासून पाचवा. फरक तेरा डब्यांचा. एक डबा साधारण 24 मीटरचा, म्हणजे तीनशे मीटरहून जास्त अंतर. कणकवलीसारख्या ठिकाणी, जिथे बऱ्याच गाड्या दोनच मिनिटं थांबतात, तिथे बॅगा आणि म्हाताऱ्या माणसांसकट एवढं अंतर कापणं होत नाही.

म्हणून ‘इंजिनापासून कितवा’ हे पाठ करण्यापेक्षा बाजू लक्षात ठेवावी असं मला ठामपणे वाटतं. वरच्या गाडीत जाताना इंजिन मडगावच्या दिशेला आहे आणि S6 मागे, म्हणजे फलाटाच्या मुंबईकडच्या भागात. येताना इंजिन मुंबईच्या दिशेला आणि S6 पुढे, म्हणजे पुन्हा मुंबईकडच्याच भागात. इंजिनापासूनचा आकडा उलटला, पण फलाटावरची बाजू तीच राहिली. रोजचे प्रवासी आणि हमाल ‘मुंबई बाजूला थांबा’ असं सांगतात ते याचमुळे, आणि ते बिनचूक असतं.

हे गणित बिघडतं ते वाटेत इंजिन बदलून गाडी उलट निघते तेव्हा. पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी दौंड स्थानकात शिरली की तिला आल्या टोकानेच बाहेर पडावं लागतं. इंजिन दुसऱ्या बाजूला जातं आणि पुण्यात पुढे असलेला डबा अहिल्यानगरला मागे येतो. हा वेळ वाचवण्यासाठीच तिथे कॉर्ड लाइन टाकली, तिच्यावरून जाणारी गाडी उलटत नाही. विशाखापट्टणमलाही चेन्नई-हावडा मार्गावरच्या गाड्या अशाच उलटतात. अशा मार्गावर सुटण्याच्या स्थानकातली रचना पाहून पुढच्या स्थानकाचा अंदाज बांधू नये. आपण चढणार त्या स्थानकाची डब्यांची स्थिती पाहावी, ॲपवर किंवा फलाटावरच्या डब्याच्या पाटीवर.

सणासुदीला जोडलेला जादा डबाही क्रम मोडतो. त्याचा क्रमांक SE1 किंवा BE1 असा येतो, आणि तो आपल्या गटातच असेल याची खात्री नसते. पाटी आणि उद्घोषणा जुळत नसतील आणि गाडी समोर उभी असेल, तर जवळच्या कुठल्याही आरक्षित डब्यात चढा आणि आतून चालत जा. जनरल डब्यात मात्र चढू नका: तिथून आरक्षित डब्यांकडे जाणारी वाट बहुधा बंद असते, आणि मग पुढच्या थांब्यापर्यंत तिथेच उभं राहावं लागतं.