राजीनाम्याआधी काढायचे चौकोन

नोकरीचा कंटाळा येतो तेव्हा नेमका कशाचा येतो? अख्ख्या नोकरीचा की तिच्यातल्या दोन-तीन कामांचा? राजीनामा लिहिण्याआधी हे कागदावर मांडून पाहता येतं.

2001 मध्ये एमी रेझनेस्की आणि जेन डटन या अमेरिकी संशोधकांनी ‘जॉब क्राफ्टिंग’ म्हणजे आपलं काम आपणच घडवून घेण्याची कल्पना मांडली. एका रुग्णालयातल्या सफाई कर्मचाऱ्यांशी बोलताना त्यांना दिसलं, की नेमून दिलेलं काम सगळ्यांचं सारखंच होतं. तरी काहीजण तेवढंच करून मोकळे होत, तर काहीजण रुग्णांशी, नातेवाइकांशी बोलत, परिचारिकांच्या कामाशी आपलं काम जुळवून घेत आणि आपणही रुग्ण बरा करण्याच्या कामात आहोत असं मानत. कामं, माणसं आणि कामाकडे पाहण्याची नजर, तिन्ही त्यांनी स्वतःच बदलली होती.

पुढे यातूनच चौकोनांचा सराव आला. जितका वेळ आणि शक्ती एखाद्या कामात जाते, तितका मोठा त्याचा चौकोन काढायचा.

समजा, ग्राहकसेवेतली एक कर्मचारी आठवड्याचे 40 तास मांडते: तक्रारी 22, अहवाल 10, बैठका 6, नवख्यांना शिकवणं 2. तिला मनापासून आवडतो तो सगळ्यात छोटा चौकोन! आता दुसरं चित्र काढायचं, थोड्याच महिन्यांत शक्य होईल असं. तक्रारी चाळल्यावर तिला दिसतं, की बऱ्याच तक्रारी त्याच चार प्रश्नांच्या आहेत. त्यांची उत्तरं लिहून ती नवख्यांना शिकवते. तक्रारी 18 वर येतात, शिकवणं 6 वर जातं. इथे ती वरिष्ठांकडे ‘मला कंटाळा आलाय’ असं सांगत जात नाही. नवखे लवकर तयार होतील, हे ती दाखवून देते. परवानगी मिळते ती बहुधा यामुळेच.

चूक होते ती नावडतं काम नुसतं टाळण्यात. संशोधक मारिया टिम्स आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात त्रासदायक कामं कमी करू पाहणाऱ्यांच्या सहकाऱ्यांवर भार वाढलेला आणि खटके उडालेले दिसले. 2017 च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणातही असं टाळणं नोकरी सोडण्याच्या इच्छेशी जोडलेलं आढळलं. टाळण्यामुळे मन उडतं की मन उडालेला माणूस टाळतो, हे अशा आकड्यांवरून ठरत नाही. तरी मला हा इशारा मोलाचा वाटतो. आपला चौकोन लहान झाला की तो शेजारच्याच्या कागदावर तर वाढला नाही ना, हे विचारून घ्यावं.

दोन-तीन महिन्यांनी चित्र पुन्हा काढायचं. आवडीचा चौकोन वाढला, पण जुना एकही घटला नाही आणि 40 चे 46 तास झाले, तर ती निव्वळ फुकटची जादा मेहनत झाली. पगार, अपमान किंवा छळ हे दुखणं असेल, तर ते या कागदावर उमटतच नाही. आणि आवडत्या चौकोनाला त्या पदात जागाच नसेल, तर निदान पुढच्या मुलाखतीत कोणत्या कामाबद्दल विचारायचं, ते हाताशी असतं.