विसण टाकीत नको, बादलीत घाला

कढत पाण्यात गार पाणी घालून ते अंगाला सोसेल इतपत करायचं, याला आपण विसण घालणं म्हणतो. साठवणीचा गीझर आला की ही पायरी गाळायचा मोह होतो. थर्मोस्टॅटची चकती ४०-४५ वर ठेवली की टाकीतच आंघोळीचं पाणी तयार, वर वीजही वाचते. हिशोब चुकीचा नाही, पण त्यात टाकीतला एक भाडेकरू धरलेला नसतो.

त्याचं नाव लेजिओनेला. १९७६ मध्ये फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या संमेलनाला आलेले लोक न्यूमोनियाने दगावले, तेव्हा शोध घेताना हा जिवाणू पहिल्यांदा ओळखू आला. नद्या-तळ्यांच्या पाण्यात तो थोडाफार असतोच, आणि नळाच्या पाण्यातूनही घरात येऊ शकतो. साधारण २० ते ४५ अंश सेल्सिअसमध्ये तो वाढतो आणि ३५-३७ च्या आसपास सर्वांत जोमाने. म्हणजे आपल्याला जे पाणी सुखाचं वाटतं, तेच त्यालाही. त्यात पाणी तापलं की क्लोरीनही लवकर निघून जातो. ५० अंशांना त्याची वाढ थांबते, पण मरायला काही तास लागतात. ६० अंशांना दर दोनेक मिनिटांत दहातले नऊ मरतात. थर्मोस्टॅट ६० वर ठेवा असं सांगतात, त्याचं मूळ या फरकात आहे.

मात्र चकतीवरचे ६० म्हणजे अख्ख्या टाकीतले ६० नव्हेत. गार पाणी तळाशी शिरतं, गरम वरून बाहेर पडतं आणि हलकं असल्याने वरच राहतं. कॉइलच्या खाली उरलेलं पाणी कोमटच राहू शकतं, आणि क्षारांचा गाळ साठतो तोही तिथेच. गाळावर बुळबुळीत थर धरतो, त्यात अमीबा राहतात आणि लेजिओनेला अमीबाच्या पोटात शिरून वाढतो. तिथे त्याला उष्णतेपासून थोडा आडोसाही मिळतो. शिवाय थर्मोस्टॅट ६० ला वीज तोडतो, पण पाणी काही अंश उतरल्यावरच पुन्हा जोडतो. त्यामुळे ५० वर चकती ठेवणं म्हणजे बराच वेळ पंचेचाळिशीत राहणं. मला ५० हा आकडा म्हणूनच पटत नाही.

६० चे तोटे खरे आहेत. टाकीच्या अंगातून झिरपणारी उष्णता बाहेरच्या हवेशी असलेल्या फरकाच्या प्रमाणात असते. हवा २५ अंश असेल तर ५० च्या जागी ६० ठेवल्याने ही गळती सुमारे ४० टक्के वाढते. ही वाढ फक्त गळतीतली, सगळ्या विजेच्या खर्चातली नव्हे. गरजेपुरताच गीझर लावणाऱ्याला ती फारशी जाणवणारही नाही. उलट विसण घालता येतं, म्हणून टाकी पुरते जास्त. गार पाणी २० अंश आणि आंघोळ ४० ला धरली, तर २५ लिटरच्या टाकीतून ६० ला कागदावर ५० लिटर मिळतात, ४५ ला जेमतेम ३१.

भाजण्याचा धोका मात्र हलका घेऊ नये. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाची कातडीही पाचेक सेकंदांत गंभीर भाजतं, मुलांची त्याहून लवकर. घरात लहान मूल किंवा हातपाय चटकन न हलणारं वयस्क माणूस असेल, तर नळाशी तापमान बांधून देणारा थर्मोस्टॅटिक मिक्सर बसवावा. तो नसेल तर बादलीत आधी गार पाणी, मग गरम. टाकी थंड ठेवणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

चकती खरं बोलते का, ते पाहणं सोपं आहे. दिवा विझला की फक्त गरम नळ सोडून मिनिटभराने स्टीलच्या भांड्यात पाणी धरा आणि स्वयंपाकाचा थर्मामीटर बुडवा. ६० वर चकती असून ५२ आलं, तर थर्मोस्टॅट बिघडलेला तरी असेल किंवा कॉइलवर क्षारांचं पुट तरी चढलं असेल. झाकण उघडायचं तर आधी मेन स्विच बंद.

आता पाहुण्यांच्या न्हाणीघरातला, तीन आठवडे बंद असलेला गीझर घ्या. रोज पूर्ण तापून वापरल्या जाणाऱ्या टाकीपेक्षा मला याची काळजी जास्त. हा जिवाणू सहसा पाणी पिऊन बाधत नाही. शॉवरच्या बारीक तुषारांतून फुप्फुसात जातो. धडधाकट माणसाला बहुधा काही होत नाही, पण पन्नाशीपुढचे, धूम्रपान करणारे, दमेकरी आणि प्रतिकारशक्ती खालावलेले यांना न्यूमोनिया होऊ शकतो. २५ लिटर पाणी २५ वरून ६० ला न्यायला सुमारे एक युनिट वीज लागते. २ किलोवॉटच्या कॉइलला अर्धा तास. दिवा विझल्यावर आणखी अर्धा तास गीझर चालूच ठेवा. मग शॉवर न उघडता खालच्या नळाने, तोटी बादलीच्या तळाशी नेऊन, टाकीभर पाणी हळू सोडून द्या. शॉवरचं तोंड काढून घासा, जाळीतली क्षारांची पांढरी खर काढा आणि मगच पाहुण्यांना आंघोळीला पाठवा.