दुपारचं धुरकं

जळगाव-धुळ्याकडे पर्यावरणाच्या पेपरात ‘प्रकाशरासायनिक धुरके कसे तयार होते?’ असा प्रश्न आला की बऱ्याच मुलांच्या डोळ्यांपुढे डिसेंबरची सकाळ उभी राहते, शेकोट्यांचा धूर आणि धुकं एकत्र. ते धुरकं लंडनच्या जातीचं. 1952 च्या डिसेंबरात तिथे कोळशाचा धूर आणि सल्फर डायऑक्साइड थंड हवेत कोंडले आणि हजारो माणसं दगावली. प्रकाशरासायनिक धुरक्याला मात्र ऊन लागतं.

ते पहिल्यांदा ठळक दिसलं लॉस एंजेलिसमध्ये. 26 जुलै 1943 ला तिथे लोकांचे डोळे चुरचुरू लागले. युद्धाचे दिवस होते, काहींना शत्रूने वायू सोडला असंच वाटलं. बुटाडाइनच्या एका कारखान्यावर ठपका आला. तो काही काळ बंद ठेवला, तरी धुरकं येतच राहिलं. उलगडा केला आरी हागेन-स्मिट यांनी. अननसाच्या वासाचा अभ्यास करणारे हे रसायनशास्त्रज्ञ. वाहनांतून येणारे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन डायऑक्साइड यांवर ऊन पडलं की ओझोन बनतो, हे त्यांनी दाखवलं. ताणलेल्या रबराला तडे जाणं ही त्यांची ओझोनची खूण होती.

इंजिनाच्या उष्णतेत NO बनतो, हवेत त्याचा NO₂ होतो. पुढे:

```
NO₂ + hν → NO + O
O + O₂ + M → O₃ + M
O₃ + NO → NO₂ + O₂
```

hν म्हणजे उन्हातला प्रकाश आणि M म्हणजे जास्तीची ऊर्जा घेऊन जाणारा हवेतला कुठलाही रेणू. मुलं इथेच थांबतात आणि उत्तर अर्धं राहतं. कारण बनलेला ओझोन तिसऱ्या पायरीत लगेच खर्च होतो, साठत काहीच नाही. साठतो तो हायड्रोकार्बनमुळे, इथे RH म्हणजे हायड्रोकार्बन:

```
RH + OH → R + H₂O
R + O₂ → RO₂
RO₂ + NO → RO + NO₂
```

आता NO चा NO₂ होतो, पण त्यासाठी ओझोन लागत नाही. म्हणून तो वाढत जातो. अ‍ॅसिटाल्डिहाइडपासून बनणारा CH₃C(O)O₂ हा मूलक NO₂ ला चिकटला की पॅन म्हणजे पेरॉक्सिअ‍ॅसिटिल नायट्रेट तयार होतं. डोळे झोंबतात ते त्याच्यामुळेही.

हेच धुळ्यात लावून पाहा, जिथे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग एकमेकांना छेदतात. सकाळी ट्रकांची रांग लागते तेव्हा NO चढतो, थोड्या वेळाने NO₂, आणि ओझोनचा कळस दुपारी. तोही बहुधा रस्त्यावर नाही. तिथे ताजा NO त्याला खाऊन टाकतो, म्हणून वाऱ्याच्या दिशेने काही किलोमीटरवरच्या शेतात तो जास्त सापडू शकतो. मापनयंत्र नुसतं चौकात ठेवलं तर हे कळायचं नाही.

पण 44 अंश तापमान म्हणजे धुरकं, असंही नाही. लॉस एंजेलिसवर उबदार हवेचं झाकण बसतं आणि डोंगर वारा अडवतात. आपल्याकडे मे महिन्यात तापलेली हवा उंच चढते आणि वायू पातळ होतात. म्हणून ऊन कडक असूनही वारा पडलेला दिवसच जास्त धोक्याचा.