त्या दिवशी फ्रँक कितीला होता?

१५ जानेवारी २०१५, गुरुवार. सकाळी साडेदहाला स्विस नॅशनल बँकेने जाहीर केलं, की एका युरोला किमान १.२० फ्रँक हा सप्टेंबर २०११ पासून राखलेला आधार ती काढून घेत आहे. पुढच्या काही मिनिटांत युरो एका फ्रँकच्या बराच खाली कोसळला. दुपारपर्यंत तो थोडा सावरला आणि रात्री न्यूयॉर्कचे व्यवहार आटोपताना पुन्हा एका फ्रँकच्या खाली होता.

आता समजा, याच तारखेचं १ लाख फ्रँकचं एक बिल आहे आणि आज त्याची रक्कम युरोमध्ये लिहायची आहे. कुठला भाव घ्यायचा? दर शोधताना होणाऱ्या बहुतेक चुका या एका उदाहरणात सापडतात, म्हणून ते नीट सोडवून पाहू.

पहिली अडचण म्हणजे ‘त्या दिवसाचा भाव’ अशी वस्तूच अस्तित्वात नसते. परकीय चलनाच्या बाजाराला एक छप्पर नाही. बँका जगभर, सोमवारच्या पहाटेपासून शुक्रवारच्या रात्रीपर्यंत, आपापसात सौदे करत असतात आणि भाव सतत हलत असतो. अधिकृत म्हणून छापला जाणारा दर हा या प्रवाहातून कुणीतरी, एका ठरलेल्या क्षणी, ठरलेल्या पद्धतीने घेतलेला एक नमुना असतो. क्षण बदलला की आकडा बदलतो.

युरोपीय मध्यवर्ती बँकेचा संदर्भ दर दुपारी सव्वादोनच्या सुमारास, युरोपातल्या मध्यवर्ती बँकांच्या आपसातल्या सल्लामसलतीतून ठरतो. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हच्या एच.१० या तक्त्यातला दर न्यूयॉर्कच्या दुपारी बाराचा असतो, म्हणजे जानेवारीत युरोपात संध्याकाळचे सहा. बँक ऑफ इंग्लंडचे दर साधारण लंडनच्या दुपारी चारचे असतात आणि ते ‘अधिकृत’ नाहीत, असं ती बँक स्वतःच सांगते. तिघांपैकी कुणीही चुकलेलं नसतं. शांत दिवशी त्यांच्यातला फरक शेवटच्या एखाद-दुसऱ्या आकड्यात दिसतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. १५ जानेवारीसारख्या दिवशी मात्र पावणेचार तासांत बाजार पालटलेला असू शकतो.

बिलाकडे वळू. युरोपीय मध्यवर्ती बँकेचा १४ जानेवारीचा दर १ युरोला १.२०१० फ्रँक आहे आणि १५ जानेवारीचा १.०२८०. पहिल्याने भागलं तर बिल ८३,२६३.९५ युरोचं होतं, दुसऱ्याने भागलं तर ९७,२७६.२६ युरोचं. फरक चौदा हजारांहून जास्त. त्यामुळे ‘आदल्या दिवसाचा दर वापरतो’ की ‘त्याच दिवसाचा’, हा करारात किंवा हिशेबाच्या धोरणात एका ओळीत उरकलेला प्रश्न इथे सगळ्यात महाग ठरतो. आकडा शोधण्याआधी ती ओळ शोधावी, असं माझं ठाम मत आहे. करारात स्रोताचं नाव असेल तर तोच स्रोत घ्यायचा, आपल्याला दुसरा कितीही सोयीचा वाटला तरी.

महिन्याची सरासरी घेतली तर? आंतरराष्ट्रीय लेखांकन मानक आयएएस २१ सौद्याच्या तारखेचा दर घ्यायला सांगतं. व्यवहाराच्या सोयीसाठी आठवड्याची किंवा महिन्याची सरासरी चालते, पण दरात मोठे चढउतार झाले असतील तर नाही. ही अट का आहे ते जानेवारी २०१५ मध्ये डोळ्यांनी दिसतं. महिन्याचा पहिला अर्धा भाग १.२० च्या आसपास गेला आणि दुसरा एकाच्या आसपास. सरासरी या दोन्हींच्या मधे पडते आणि त्या महिन्यात एकाही दिवशी संदर्भ दर तेवढा नव्हता.

हे आकडे कुणालाही मुळातून तपासता येतात. युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या माहितीसाठ्यात प्रत्येक दरमालिकेला एक खूण असते:

```
EXR.D.CHF.EUR.SP00.A
https://data-api.ecb.europa.eu/service/data/EXR/D.CHF.EUR.SP00.A?startPeriod=2015-01-14&endPeriod=2015-01-16&format=csvdata
```

`D` म्हणजे रोजचा दर. त्या जागी `M` टाकलं की महिन्याचा मिळतो आणि तिथे शेवटचं `A` सरासरी दाखवतं, तर `E` महिनाअखेरचा दर. एका अक्षराच्या चुकीने वेगळंच काहीतरी हाती येतं आणि आकडा इतका खरा दिसतो की शंकाही येत नाही.

दिशेचीही काळजी घ्यावी लागते. ही बँक नेहमी ‘१ युरोला किती परकीय चलन’ असं लिहिते. फेडरल रिझर्व्ह फ्रँक ‘१ डॉलरला किती’ असा देतं, पण युरो आणि पौंड उलटे, म्हणजे ‘एकाला किती डॉलर’ असे. भाव एकाच्या जवळ असला की उलटासुलटा झालेला दर नजरेतून निसटतो आणि १५ जानेवारीनंतरचा युरो-फ्रँक नेमका तसाच होता. शंका आली तर साधी कसोटी लावा: त्या दिवशी फ्रँक महागला हे माहीत आहे, तर आपल्या उत्तरात १ लाख फ्रँकचे आदल्या दिवसापेक्षा जास्त युरो यायला हवेत.

डॉलर-फ्रँकचा दर हवा असेल आणि हाताशी युरोचीच मालिका असेल, तर दोन दरांचा भागाकार करता येतो. त्या दिवशी १ युरोला १.१७०८ डॉलर होते. १.०२८० ला त्याने भागल्यावर १ डॉलरला ०.८७८० फ्रँक येतात. हा दर वापरायला हरकत नाही, मात्र तो काढलेला आहे असं सोबत लिहायला हवं. फेडरल रिझर्व्हच्या थेट दराशी तो जुळावा अशी अपेक्षा ठेवू नये, कारण दोघांची वेळ वेगळी.

तारीख शनिवारची किंवा सुट्टीची असेल तर मूळ मालिकेत त्या दिवसापुढे दरच नसतो. १७ जानेवारी २०१५ हा शनिवार होता. काही संकेतस्थळं अशा रिकाम्या जागी शुक्रवारचा आकडा भरतात. सलग तीन दिवस शेवटच्या दशांशापर्यंत तोच आकडा दिसला, तर तो भरलेला आहे हे ओळखावं. आदल्या कामकाजाच्या दिवसाचा दर घेणं ही सर्रास चालणारी रीत आहे, पण तो घेतल्याचं लिहावं लागतं. सुट्ट्याही सगळीकडे सारख्या नसतात: १ मे रोजी युरोपीय मध्यवर्ती बँकेचा दर निघत नाही, अमेरिकेचा निघू शकतो.

युरोपीय मध्यवर्ती बँक हेही बजावते, की तिचे दर फक्त माहितीसाठी आहेत, प्रत्यक्ष सौद्यासाठी ते वापरू नयेत. त्या गुरुवारी कुणी खरोखर युरो देऊन फ्रँक घेतले असतील, तर त्याचा भाव त्याच्या बँकेच्या पावतीवर आहे. पावती असेल तर पैसे किती गेले याचा पुरावा तीच. संदर्भ दर पावती नसलेल्या नोंदींसाठी.

आपल्या बिलाखालची टीप मी अशी लिहीन: ‘१ युरो = १.०२८० स्विस फ्रँक, युरोपीय मध्यवर्ती बँकेचा दैनिक संदर्भ दर, १५ जानेवारी २०१५, मालिका EXR.D.CHF.EUR.SP00.A, १,००,००० ÷ १.०२८० = ९७,२७६.२६ युरो, शेवटी दोन दशांशांपर्यंत पूर्णांकित.’ आणि त्यापुढे, मालिका ज्या दिवशी उघडून पाहिली ती तारीख.