स्थळासाठीच्या फोटोत आम्ही काय पुसतो आणि काय तसेच ठेवतो

वडोदऱ्यात दांडिया बाजारातील आमच्या स्टुडिओत स्थळासाठी फोटो काढून घेणारी मंडळी बरीच येतात आणि त्यांतील बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, की टचिंगमध्ये काय काय होईल. संगणकावर जवळजवळ सगळेच होते. मात्र हा फोटो पाहून पुढची माणसे पोहे खायला घरी येणार असतात, म्हणजे फोटोतला चेहरा आणि समोरचा चेहरा ती ट्यूबलाइटच्या उजेडात ताडून पाहणार असतात, हे लक्षात घेऊनच आम्ही आमची पद्धत ठरवली आहे.

आमच्या धंद्यात जुना ठोकताळा असा आहे, की जे दोन-तीन आठवड्यांत आपोआप जाणार ते पुसावे आणि जे कायमचे आहे ते ठेवावे. मुरूम, डास चावल्याची गांध, थ्रेडिंगनंतरची लाली किंवा ओरखडा ही त्या दिवसाची गोष्ट असते. तीळ, देवीचा व्रण, गालावरची खळी, नाकाचे वळण ही मात्र माणसाची ओळख असते. या दोहोंच्या मध्ये डोळ्यांखालची काळी वर्तुळे आणि सुरकुत्या येतात. त्या आम्ही पुसत नाही, पण साधारण निम्म्याने फिक्या करतो, कारण स्टुडिओतला बाजूचा दिवा त्यांची सावली मुळापेक्षा गडद करतो आणि तेवढा दोष आमच्या दिव्याचाच असतो.

एक उदाहरण सांगतो. एक आई मुलीला घेऊन आल्या. हनुवटीवर दोन मुरूम, डाव्या भुवईवर कांजिण्यांचा खड्डा, ओठाजवळ तीळ, आणि आदल्या रात्रीच्या प्रवासाने ओढलेले डोळे. आईंचे म्हणणे होते, की तीळ काढा, दंड बारीक करा आणि रंग जरा उजळा. मुरूम आम्ही हीलिंग ब्रशने, मूळ फोटोला धक्का न लावता वेगळ्या थरावर काढले. खड्ड्याची सावली थोडी सौम्य केली, पण खड्डा ठेवला. तीळ काढावा का, हे आम्ही मुलीला विचारले, ती म्हणाली, “तीळ राहू द्या, शाळेपासून मला सगळे त्यावरूनच ओळखतात.”

दंडाचे काम संगणकावर न करता पुन्हा फोटो काढून झाले. हात अंगाला दाबून धरला, की दंड पसरतो आणि आहे त्याहून रुंद दिसतो. हात चार बोटे दूर ठेवला, अंग थोडे तिरके केले आणि कॅमेरा दोन मीटर मागे नेऊन लांबचे लेन्स लावले, तेव्हा दंड जसा आहे तसाच दिसला. मोबाइलने हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक मोठे दिसते तेही अंतरामुळेच. तिथे नाक बारीक करण्यापेक्षा मागे सरकणे बरे.

रंगाबाबत आम्ही थोडे हट्टी आहोत. फोटोवर पिवळी किंवा हिरवी झाक असेल तर ती आम्ही काढतो, आणि त्यासाठी फोटो काढतानाच एक राखाडी कार्ड हातात धरायला देतो. ते कार्ड पडद्यावर खरोखर राखाडी दिसू लागले, की त्वचेचा रंगही आपल्या जागी येतो. त्यापुढे जाऊन गोरेपणा चढवला, तर चेहरा एका रंगाचा आणि मान व मनगटे दुसऱ्याच रंगाची दिसतात, आणि पाहणाऱ्याची नजर नेमकी तिथेच अडते.

जास्त टचिंग ओळखायचे असेल तर फोटो मूळ आकारात उघडून गालाकडे पाहावे. त्वचेची रंध्रे दिसली नाहीत आणि गाल मेणाचा वाटला, तर ती ब्लर करून टाकलेली असतात. कंबर ओढून बारीक केली असेल, तर मागची दाराची चौकट किंवा पैठणीचा काठ त्या जागी वाकलेला दिसतो. हा मोह नवा नाही. काचेच्या निगेटिव्हच्या काळात कारागीर शिसपेन्सिलने सुरकुत्या भरत असत. सुरकुतीची जागा निगेटिव्हवर पातळ असते, पेन्सिलीने ती दाट झाली, की छापलेल्या फोटोत सुरकुती उजळ होऊन विरते. त्याही काळी हात सैल सुटला, की आजोबांचा चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा गुळगुळीत होऊन येई.

शरीराचा आकार बदलण्याचे काम आम्ही स्थळाच्या फोटोत घेत नाही. साडीची चुकीची चुणी किंवा बाहेर आलेली पिन तेवढी सावरतो. पासपोर्टच्या फोटोवर मात्र अजिबात हात फिरवत नाही.

टचिंग झाल्यावर मूळ आणि नवा फोटो शेजारी-शेजारी दाखवला जातो. ज्यांचा फोटो आहे त्यांनी स्वतः पाहून होकार दिल्याशिवाय आम्ही प्रिंट काढत नाही, त्यामुळे फोटो पाहायला येताना कृपया त्यांना सोबत आणावे. थोडे कमी-जास्त करायचे असल्यास त्याच भेटीत सांगावे. थर वेगळे असल्याने बदल तिथेच करून देता येतो.