बॅकलॅश की ताण? आधी ढकलून पाहा

एक मीटर लांबीच्या अक्षावर गाडा सेकंदाला 300 मिलिमीटर वेगाने सरकवायचा आहे, असं समजा. 8 मिमी व्यासाचा, एका फेरीत गाडा 8 मिमी सरकवणारा लीड स्क्रू घेतला तर तो मिनिटाला 2,250 फेऱ्या फिरायला हवा. पण एवढा बारीक आणि लांब स्क्रू साधारण 700 फेऱ्यांच्या आसपासच मध्ये वाकून थडथडू लागतो. मोठी मोटर लावून हे सुटत नाही. 2 मिमी पिचचा, म्हणजे दात्यांमध्ये 2 मिमी अंतर असलेला टायमिंग बेल्ट 20 दात्यांच्या पुलीवर एका फेरीत 40 मिमी सरकतो, म्हणजे 450 फेऱ्यांत काम होतं. इथे बेल्टच हवा.

अक्ष आखूड, उभा आणि संथ असेल तर मात्र स्क्रू बरा. त्यातही फेरीला 2 मिमी सरकणारा घ्यावा. वीज गेली तरी त्यावरचा गाडा सहसा जागीच राहतो. 8 मिमीवाल्यावरून तो घसरू शकतो.

आता अचूकतेचं. दिशा बदलली की गाडा थोडा मागे राहतो, आणि दोष सरसकट बॅकलॅशवर, म्हणजे भागांमधल्या मोकळ्या जागेवर जातो. खरं काय ते तपासायला मोटर न फिरवता तिचा वीजपुरवठा चालू ठेवून गाड्याला बारीक हालचाल मोजणारा डायल गेज लावा आणि स्प्रिंग काट्याने दोन्ही बाजूंना ओढा. समजा अर्धा किलो जोराला गाडा 0.10 मिमी हलला आणि दोन किलोला 0.11, तर ती नट किंवा बेअरिंगमधली मोकळी जागा, म्हणजे बॅकलॅश. जोर चौपट केल्यावर हालचालही चौपट झाली, तर तो ताण, म्हणजे भाग जोराखाली ताणले जाताहेत.

बॅकलॅशवर उपाय म्हणजे दोन भागांचा, मध्ये स्प्रिंग असलेला नट. ती स्प्रिंग गाड्यावर येणाऱ्या जोरापेक्षा कडक हवी, नाहीतर ऐन कामात दबते. फार कडक घेतली तर घर्षण वाढून नट लवकर झिजतो. नट बदलण्याआधी स्क्रू स्वतःच बेअरिंगमध्ये पुढेमागे सरकतोय का, तेही पाहावं.

बेल्ट ताणला जात असेल तर बहुतेक जण तो आणखी आवळतात. सैल पडणारी बाजू ताठ राहील इतकं आवळणं गरजेचं असतं; त्यापुढे बेल्ट फारसा कडक होत नाही, मोटरच्या बेअरिंगवर भार मात्र वाढतो. दुप्पट रुंद बेल्ट घेतला तर तो निम्माच ताणला जातो. पोलादी तारांचा बेल्टही कमी ताणतो, पण त्याला लहान पुली चालत नाही.

खर्च करण्याआधी पुली पकडीत घट्ट धरून तीच चाचणी पुन्हा करा. फेरीला 200 पावलं टाकणारी नेहमीची स्टेपर मोटर जोराखाली स्वतःच थोडी वळते, आणि वरच्या 20 दात्यांच्या पुलीवर तिचं एक पूर्ण पाऊल 0.2 मिमीचं असतं. पुली धरल्यावर हालचाल बरीच कमी झाली, तर रुंद बेल्टने फारसा फरक पडणार नाही. लहान पुली किंवा जास्त ताकदीची मोटर लागेल.