कारण खरं असतं, जागा चुकते

महिन्याचा अहवाल पाठवून दोन दिवस होतात आणि साहेबांचा मेल येतो: ‘सलग दुसऱ्या महिन्यात गोषवाऱ्यातले आकडे तक्त्याशी जुळत नाहीत. मीटिंगमध्ये मला उत्तर देता आलं नाही.’ वाचणाऱ्याच्या मनात पहिलं वाक्य तयारच असतं: ‘सर, विक्री विभागाकडून आकडे शेवटच्या क्षणी आले.’ बहुतेक वेळा हे खरंही असतं. तरीही तेच वाक्य पहिलं लिहिलं की उत्तर फसतं. हे असं का होतं, यावर मानसशास्त्रज्ञांनी बरंच काम केलं आहे.

आवराहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये कामाबद्दलच्या अभिप्रायांवरचे जुने प्रयोग एकत्र करून तपासले. सरासरीने अभिप्रायामुळे काम सुधारत होतं, पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा ते चक्क बिघडलं होतं. त्यांचं स्पष्टीकरण मला फार पटतं. टीका ऐकताना लक्ष कामावर राहिलं तर सुधारणा होते. ते ‘माझ्याबद्दल काय मत झालं?’ याकडे वळलं की सगळी शक्ती स्वतःला सावरण्यात जाते. ‘आकडे उशिरा आले’ हे वाक्य अहवालाबद्दल बोलतंय असं वाटतं, प्रत्यक्षात ते लिहिणाऱ्याची बाजू मांडत असतं. साहेबांना मात्र पुढच्या महिन्यात आकडे जुळतील का, एवढंच हवं असतं.

मग आधी काय लिहायचं? रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये माफीचे सहा घटक वेगवेगळे करून लोकांना त्यांचा परिणाम विचारला. सर्वांत वजनदार ठरली चुकीची जबाबदारी घेणं, त्याखालोखाल नुकसान भरून देण्याची तयारी. ‘मला माफ करा’ ही विनवणी सर्वांत शेवटी होती. आपल्याकडून बहुतेकदा हीच विनवणी आधी लिहिली जाते. ‘सॉरी सर, पुन्हा असं होणार नाही’ यात काय चुकलं याचा पत्ताच नसतो.

आता तेच उत्तर पुन्हा लिहू:

‘सर, दोन्ही अहवालांत गोषवाऱ्यातली बेरीज तक्त्याशी जुळत नव्हती. पाठवण्याआधी ताळा करणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. त्यामुळे मीटिंगमध्ये तुमची अडचण झाली. दोन्ही महिन्यांचे दुरुस्त अहवाल आज चार वाजेपर्यंत पाठवतो. यापुढे विक्रीचे आकडे २५ तारखेच्या संध्याकाळपर्यंत आले नाहीत, तर त्याच संध्याकाळी तुम्हाला कळवीन. आकडे नंतर बदलले, तर आधी तक्ता आणि मग गोषवारा बदलून दोन्ही बेरजा शेजारी ठेवून तपासीन, आणि मगच अहवाल पाठवीन.’

विक्री विभागाचा उशीर इथेही आहेच, लपवलेला नाही. फक्त तो आता सबब म्हणून न येता योजनेतली एक अट म्हणून आला आहे. या रचनेला पीटर गोलविट्झर यांनी खूप अभ्यासलं: ‘अमुक झालं, तर मी तमुक करीन.’ त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये अशा ९४ चाचण्या एकत्र पाहिल्या. नुसता निश्चय करण्यापेक्षा प्रसंग आणि कृती यांची आधीच गाठ घातली, तर ठरवलेलं पार पडण्याची शक्यता बरीच वाढते. कारण ऐनवेळी विचार करावा लागत नाही. २५ तारखेची संध्याकाळच आठवण करून देते. ‘यापुढे अधिक काळजी घेईन’ याला असा प्रसंगच नसतो, म्हणून ते मागे पडतं. आपली योजना तपासायची सोपी खूण म्हणजे, ती पाळली की नाही हे तिसऱ्या माणसाला सांगता येईल का? ‘काळजी’ मोजता येत नाही, २५ तारखेचा मेल मोजता येतो.

या पद्धतीला एक महत्त्वाची मर्यादा आहे. पीटर किम आणि सहकाऱ्यांच्या २००४ मधल्या प्रयोगात एका हिशेबनीसावर चुकीचं करविवरण भरल्याचा आरोप होता. काही जणांना सांगितलं गेलं की त्याला नियम नीट माहीत नव्हते. इतरांना सांगितलं की त्याने मुद्दाम उत्पन्न कमी दाखवलं. पहिल्या बाबतीत चूक कबूल केल्याने विश्वास जास्त सावरला. दुसऱ्या बाबतीत मात्र कबुलीपेक्षा नकार सरस ठरला, कारण अप्रामाणिकपणाची एक कबुलीही लोक माणसाच्या स्वभावाचा पुरावा मानतात. अर्थात, पुढे दोष सिद्ध झाला तर नकार महागात पडतो.

म्हणून मेलमध्ये ‘आकडे जुळत नाहीत’ असं लिहिलंय की ‘आकडे मुद्दाम फिरवले’ असं सुचवलंय, हे आधी नीट वाचावं. दुसरा आरोप खोटा असेल, तर समजूतदारपणाच्या नादात तो अंगावर घेऊ नये. ‘बेरीज चुकली, हे माझं, पण आकडे मी बदललेले नाहीत, विक्री विभागाचा मूळ मेल सोबत जोडतोय’, इतकं स्पष्ट लिहावं.